३३ केव्हीचा मीटर शांत होता: कोकण किनाऱ्यावरच्या एका उपकेंद्राचा नोज पॉइंटकडे प्रवास

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे कोकणातल्या वीज उपकेंद्रांचा सगळ्यात नाजूक काळ. १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून बंदरांवरचे बर्फाचे कारखाने आणि मासळीचे शीतगृह रात्रंदिवस चालू असतात, आंब्याच्या रसाचे कारखाने हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात असतात, आणि उकाडा इतका की घराघरांतले पंखे आणि एसी संध्याकाळनंतर बंद होत नाहीत. हा बहुतेक लोड मोटरींचा आहे. याच दिवसांत लाइनच्या इन्सुलेटरवर मीठ सर्वांत जास्त साचलेलं असतं. सहा-सात महिने पाऊस नसतो, आणि खारा वारा चिनी मातीच्या तबकड्यांवर थर चढवत राहतो. कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही. जोराचा पाऊस ते धुऊन टाकतो. घातक असते ती पहिली भुरभुर, कारण ती मीठ ओलं करते पण धुऊन काढत नाही.

इथे मांडलेलं प्रकरण एका ठरावीक दिवशी घडलेली घटना नाही. किनाऱ्यावरच्या दूरच्या उपकेंद्रांची रचना साधारण जशी असते तशी घेऊन आकडेमोड केलेलं, व्होल्टेज कोसळून उपकेंद्र कसं बंद पडतं याचं हे उदाहरण आहे. आकडे सगळे एकमेकांशी जुळतात आणि वाचकाला स्वतः तपासून पाहता येतात.

रचना अशी. मोठ्या ग्रिड उपकेंद्रापासून किनाऱ्यालगतच्या उपकेंद्रापर्यंत १५० किलोमीटरच्या दोन २२० केव्ही सर्किट आहेत, झेब्रा कंडक्टरच्या. प्रति किलोमीटर ०.४ ओहम धरला तर एका सर्किटचा रिअ‍ॅक्टन्स ६० ओहम होतो. ग्रिडची बाजू १० ओहमने दाखवली आहे. किनारी उपकेंद्रात २२०/३३ केव्हीचे ५० एमव्हीएचे तीन ट्रान्सफॉर्मर आहेत आणि तिघांचा मिळून रिअ‍ॅक्टन्स २२० केव्हीच्या बाजूने सुमारे ४० ओहम आहे. म्हणजे दोन्ही सर्किट चालू असताना ग्रिडपासून ३३ केव्हीपर्यंत एकूण ८० ओहम, आणि एक सर्किट गेलं की ११० ओहम. ट्रान्सफॉर्मरना ऑन-लोड टॅप चेंजर, म्हणजे लोड चालू असतानाच गुणोत्तर बदलून ३३ केव्हीचं व्होल्टेज सांभाळणारं यंत्र, आहे, कमाल उणे १५ टक्क्यांपर्यंत, १.२५ टक्क्यांच्या पायऱ्यांनी. ३३ केव्ही बसवर, म्हणजे सगळे फीडर जिथे जोडलेले असतात त्या समाईक पट्टीवर, ३५ एमव्हीएआरची कपॅसिटर बँक आहे. एमव्हीएआर हे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचं माप, म्हणजे प्रत्यक्ष काम न करता मोटरी आणि लाइनची चुंबकीय क्षेत्रं उभी करायला लागणाऱ्या विजेचं. लोडचा पॉवर फॅक्टर ०.८५, म्हणजे दर मेगावॉटमागे ०.६२ एमव्हीएआर.

लाइनचा रेझिस्टन्स (१५० किलोमीटरला दहा-बारा ओहम) आणि लाइनचं स्वतःचं चार्जिंग (सर्किटमागे २० एमव्हीएआरच्या आसपास) इथे सोडून दिलं आहे. रेझिस्टन्स सोडल्याने निकाल थोडा उजवा येतो, चार्जिंग सोडल्याने थोडा डावा. प्रकरणाचा गाभा त्याने बदलत नाही, पण प्रत्यक्ष सेटिंग ठरवताना दोन्ही घ्यावेच लागतात.

संध्याकाळी सहा चाळीसला भुरभुर सुरू होते. लोड १२० मेगावॉट आहे. दोन्ही सर्किट चालू असल्याने ३३ केव्हीचा बस ३३ च्या जरासा वर आहे, टॅप उणे १० टक्क्यांवर आहे, आणि २२० केव्हीच्या बसवर २०८ केव्ही दिसतात. मग एका सर्किटवर मिठाच्या थरातून फ्लॅशओव्हर होतो आणि सर्किट ट्रिप होतं. ऑटो-रिक्लोज एकदा प्रयत्न करतो, इन्सुलेटर ओलेच असतात, पुन्हा फ्लॅशओव्हर होतो आणि सर्किट लॉकआउट होतं. आता सगळा लोड एका सर्किटवर आहे. झेब्राला तो विद्युतप्रवाह जड नाही, म्हणून ओव्हरलोडचा अलार्मही वाजत नाही.

पुढच्या दोन मिनिटांत जे होतं तिथेच बहुतेकांची दिशाभूल होते. ट्रिपनंतर लगेच ३३ चा बस ३१.१ केव्हीपर्यंत उतरतो. व्होल्टेज उतरल्यावर लोडही थोडा घटतो. लोड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होतो असं धरलं तर तो १२० वरून ११३ मेगावॉटवर येतो. ही निसर्गाने दिलेली सवलत आहे. मग टॅप चेंजरचा रेग्युलेटर जागा होतो. पहिल्या टॅपला तो सुमारे एक मिनिट थांबतो, पुढचे टॅप दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने टाकतो. चार पायऱ्यांत टॅप उणे १५ वर पोचतो, म्हणजे शेवटावर. ३३ चा बस ३२.४ केव्हीवर येतो. लोड पुन्हा १२० मेगावॉट होतो. बंदरातल्या कारखान्याला काही झाल्याचं कळतही नाही.

कंट्रोल रूममध्ये ३३ केव्हीचा मीटर पाहणाऱ्यालाही ते कळत नाही. ३३ आणि ३२.४ यांत फरक तो काय. पण त्याच वेळी २२० केव्हीचा बस २०८ वरून १९४ वर आलेला आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या ग्रिड मानकांत २२० केव्हीसाठी खालची मर्यादा १९८ आहे, म्हणजे बस तिच्याही खाली गेला आहे. आणि टॅपला पुढे जायला जागा उरलेली नाही. धोका कुठे लपतो ते इथे दिसतं. टॅप चेंजर ग्राहकाला व्होल्टेज परत मिळवून देतो, पण त्यासाठी सवलतीत घटलेला लोड परत लाइनवर लादतो. लाइनच्या बाजूचं व्होल्टेज त्यामुळे आणखी उतरतं. फ्रिक्वेन्सी या सगळ्यात ५० हर्ट्झवरच राहते, कारण ग्रिडमध्ये मेगावॉटचा तुटवडा नाही. त्यामुळे अंडर-फ्रिक्वेन्सी रिले या प्रसंगात कधीच काही करत नाहीत.

आता पी-व्ही वक्र. आडव्या अक्षावर लोडचे मेगावॉट, उभ्या अक्षावर लोडच्या बसचं व्होल्टेज. लोड वाढवत नेला की व्होल्टेज आधी हळू, मग वेगाने खाली येतं, आणि एका टोकाला वक्र उलटा वळून परत डावीकडे जातो. त्या टोकालाच नोज पॉइंट म्हणतात. त्याच्या पुढे त्या जाळ्यातून त्याहून जास्त वीज नेणं शक्यच नसतं. टोकाच्या आधी एकाच लोडला दोन उत्तरं असतात, एक वरच्या फांदीवर आणि एक खालच्या. वरचं ते रोजचं. खालच्या फांदीवर कमी व्होल्टेजला प्रचंड प्रवाहाने तेवढीच वीज जाते, पण मोटरींच्या लोडला तिथे टिकता येत नाही.

शुद्ध रिअ‍ॅक्टन्सची लाइन आणि ठरावीक पॉवर फॅक्टरचा लोड असेल तर टोक असं निघतं:

```
Pmax = E²/(2X) · cosφ/(1 + sinφ)
```

यातून एक गोष्ट लगेच कळते. E²/(2X) म्हणजे ११० ओहमला २२० मेगावॉट. पॉवर फॅक्टर ०.९ असेल तर त्याचे १३८ होतात आणि १ असेल तर पूर्ण २२०. लाइन तीच, तार तीच, फक्त रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर कुठून येते यावर मर्यादा इतकी बदलते.

आपल्या उपकेंद्रात कपॅसिटर ३३ केव्हीवर आहे आणि टॅप शेवटाला अडकला आहे, म्हणून गणित किंचित वेगळं होतं. कपॅसिटरची रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, ती स्थिर नसते. खालचा तुकडा चालवला तर आकडे हातात येतात:

```python
E, X, tap, cap, k = 220.0, 110.0, 0.85, 35.0, 0.6197
c = cap / tap**2 * X / E**2
a = (1 - c)**2
for P in (120, 125, 130, 135, 137):
    p = P * X / E**2
    b = 1 - 2*(1 - c)*k*p
    d = b*b - 4*a*(1 + k*k)*p*p
    v = ((b + d**0.5) / (2*a))**0.5
    print(P, round(33*v/tap, 1))
```

उत्तर असं येतं: १२० मेगावॉटला ३२.४ केव्ही, १२५ ला ३१.३, १३० ला २९.९, १३५ ला २७.९, १३७ ला २६.४. यादीत १३८ घातलं तर d ऋण निघतो आणि उत्तरच उरत नाही. टोक आहे १३७.६ मेगावॉटला, आणि तिथे बसवर २५ केव्ही असतात.

या ओळीकडे दोनदा पाहायला हवं. १२० वरून १२५ ला जाताना ५ मेगावॉटसाठी व्होल्टेज १.१ केव्हीने उतरलं. १३० वरून १३५ ला जाताना त्याच ५ मेगावॉटसाठी २ केव्ही. १३५ वरून १३७ ला २ मेगावॉटसाठी १.५ केव्ही, आणि शेवटच्या जेमतेम अर्ध्या-पाऊण मेगावॉटसाठी जवळजवळ तेवढेच. लोड सरळ रेषेत वाढत असताना व्होल्टेजचा उतार मात्र तीव्र होत जातो. म्हणून मागच्या अर्ध्या तासातल्या उतारावरून पुढच्या अर्ध्या तासाचा अंदाज बांधणं इथे हमखास फसतं.

दोन्ही सर्किट असताना याच गणिताने टोक १८३ मेगावॉटला येतं. म्हणजे भुरभुरीआधी हाताशी ६३ मेगावॉटची जागा होती, नंतर १७.६ ची. आणि त्या संध्याकाळी साडेआठचा पीक १४० मेगावॉटचा आहे. दोन सर्किटवर तो सहज निभावला असता. एका सर्किटवर त्याला समतोल बिंदूच नाही. कोणी काही बिघडवलं नाही तरी फक्त घड्याळ पुढे सरकल्याने हे उपकेंद्र कोसळणार आहे, आणि ते पावणेसातलाच ठरून गेलेलं आहे.

सात ते साडेसात लोड १२५ वर येतो. बर्फाच्या कारखान्यांची मोटर कमी व्होल्टेजला कमी काम करत नाही. तिला कंप्रेसर फिरवायचाच असतो, म्हणून ती जास्त प्रवाह ओढते. शीतगृहाचा थर्मोस्टॅट थंडावा मिळेपर्यंत कंप्रेसर जास्त वेळ चालू ठेवतो. एका वेळी चालू असलेल्या यंत्रांची संख्या त्यामुळे वाढते आणि सुरुवातीला मिळालेली सवलत पुढच्या पाऊण तासात परत घेतली जाते. खालच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रांत जिथे टॅप चेंजर आहेत तेही आपापल्या परीने ११ केव्ही परत आणतात. प्रत्येकजण आपलं काम चोख करतो आहे आणि सगळे मिळून प्रणालीला टोकाकडे ढकलत आहेत.

आठच्या सुमारास लोड १३५ आहे. इथे लाइन आणि ट्रान्सफॉर्मर स्वतः किती रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर खातात ते पाहिलं की कोसळण्याचं कारण उघडं पडतं. १२० मेगावॉटला हा खर्च ५२ एमव्हीएआर होता, १३५ ला तो ९५ झाला. लोड साडेबारा टक्के वाढला आणि हा खर्च जवळजवळ दुप्पट. कारण खर्च प्रवाहाच्या वर्गाने वाढतो आणि व्होल्टेज पडल्याने प्रवाह आणखी वाढतो. याच वेळी ३५ एमव्हीएआरची कपॅसिटर बँक फक्त २५ देते आहे. गरज वाढली तेव्हाच आपला स्थानिक पुरवठा आटला. ही कपॅसिटरची मूळ कमजोरी आहे आणि उपकेंद्राच्या नेमप्लेटवर ती कुठेच लिहिलेली नसते.

ट्रान्सफॉर्मरमधून आता ५३७ अँपिअर जात आहेत. तिघांची मिळून क्षमता ३९४. म्हणजे ३६ टक्के ओव्हरलोड. पण ओव्हरकरंट रिले दीडपटीवर सेट असेल तर तो उचलत नाही, आणि वाइंडिंगचं तापमान चढायला वेळ लागतो. ऑपरेटरला जो अलार्म येतो तो ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हरलोडचा असतो, आणि त्याचं लक्ष स्वाभाविकपणे तापमानाकडे जातं. खरी अडचण तापमानाची नसते.

१३७.६ ओलांडल्यानंतर काय होतं ते मिनिटांत नव्हे, सेकंदांत मोजावं लागतं. लोड जेवढी वीज मागतो तेवढी लाइन देऊ शकत नाही, व्होल्टेज घसरतच राहतं. बसचं व्होल्टेज ७०-७५ टक्क्यांच्या खाली गेलं की मोटरींचा टॉर्क अपुरा पडतो, आणि एसी-फ्रिजचे छोटे सिंगल-फेज कंप्रेसर आधी अडकतात. अडकलेली मोटर चालू असताना ओढायची त्याच्या अनेकपट प्रवाह ओढते, तोही मुख्यतः रिअ‍ॅक्टिव्ह. मग शेजारची मोटर अडकते. कारखान्यांचे काँटॅक्टर खाली पडतात आणि थोडा लोड सुटतो, पण तोवर लाइनला हा प्रकार दूरच्या बिघाडासारखा दिसायला लागलेला असतो. डिस्टन्स रिले किंवा अंडरव्होल्टेज संरक्षण उरलेलं सर्किट उघडतं. किनारपट्टीवर अंधार होतो आणि नोंदवहीत कारण लिहिलं जातं: लाइन ट्रिप. खरं कारण तासभर आधी सुरू झालेलं होतं.

आतापर्यंत ग्रिडच्या बाजूला २२० केव्ही भक्कम राहतील असं धरलं. पण किनाऱ्याला वीज पाठवणारी बाजू १२० मेगावॉटला ९३ एमव्हीएआर देत होती आणि १३५ ला १५४ देते आहे. जवळचं जनित्र आपल्या एक्सायटेशनच्या मर्यादेला पोचलं की त्याच्याकडून व्होल्टेज धरून ठेवलं जात नाही. ग्रिडचा बस २२० वरून २०९ वर आला, म्हणजे फक्त ५ टक्के, तर नोज पॉइंट E च्या वर्गाने खाली येतो. १३७.६ चे १२४ मेगावॉट होतात. १२५ मेगावॉटवर चालणारं उपकेंद्र, जिथे १२ मेगावॉटची जागा आहे असं वाटत होतं, त्या क्षणी टोकाच्या पलीकडे गेलेलं असतं. म्हणून किनाऱ्याचं मार्जिन फक्त किनाऱ्यावर मोजणं अपुरं आहे. ग्रिड उपकेंद्राचं व्होल्टेज आणि तिथल्या जनित्राकडे किती एमव्हीएआर शिल्लक आहेत ते फोनवर विचारून घ्यावंच लागतं.

टोकियोत २३ जुलै १९८७ ला असंच झालं. दुपारच्या जेवणाची सुट्टी संपल्यावर उकाड्याने एसी चालू झाले आणि लोड मिनिटाला सुमारे ४०० मेगावॉटने वाढू लागला. हाताशी होते ते सगळे कपॅसिटर लावले गेले, तरी ५०० केव्हीचा बस ३७० च्या आसपास उतरला आणि आठ हजारांहून अधिक मेगावॉट गेले. कोणत्याही लाइनवर बिघाड झालेला नव्हता.

आता उपाय. पहिला विचार सगळ्यांनाच येतो: कपॅसिटर वाढवा. बँक ३५ ची ७० एमव्हीएआर केली तर याच सर्किटवर टोक १३७.६ वरून १५७ मेगावॉटवर जातं. हा फायदा खरा आहे. पण टोकाचं व्होल्टेज २५ केव्हीवरून २८.५ वर येतं. म्हणजे प्रणाली आता जास्त वीज नेते, पण कोसळते ती जवळजवळ ठीकठाक दिसणाऱ्या व्होल्टेजवर. ३३ केव्हीचा मीटर २९ दाखवत असताना कोणी घाबरत नाही, आणि इथे २९ म्हणजे कड्याची कडा. कपॅसिटर वाढवताना अंडरव्होल्टेजच्या सगळ्या सेटिंग पुन्हा काढल्या नाहीत तर हा उपाय धोका झाकून ठेवतो. शक्य असेल तिथे वर्गाने न घटणारा स्रोत, म्हणजे स्टॅटकॉम, त्याच क्षमतेला जास्त उपयोगी पडतो. व्होल्टेज पडल्यावर त्याची रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर प्रमाणात घटते, वर्गाने नाही.

टॅप लॉक करावा का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. मोटरींच्या लोडला उत्तर फारसं दिलासा देणारं नाही. टॅप उणे १० वर लॉक ठेवला असता तर टोक १३५.८ ला आलं असतं, उणे १५ वर ते १३७.६ ला आहे. फरक दोन मेगावॉटचाही नाही. टॅप चेंजर वीज वाहण्याची मर्यादा बदलत नाही, कारण रिअ‍ॅक्टन्स तोच राहतो. तो फक्त कपॅसिटरला थोडं जास्त व्होल्टेज देतो. टॅप लॉक करण्याचा खरा उपयोग वेळ मिळवण्याला आहे: लोडला सवलतीतच ठेवायचं आणि त्या काही मिनिटांत लोड कमी करायचा. लॉक करून स्वस्थ बसलं तर थर्मोस्टॅट ती सवलत परत घेतात. टॅप लॉक करायचा एक निर्विवाद क्षण मात्र आहे: टॅप चढवल्यावर ३३ केव्ही वाढण्याऐवजी कमी झाला तर. म्हणजे टोक मागे पडलं आहे आणि पुढचा प्रत्येक टॅप उलटा काम करणार आहे.

उरतो तो उपाय सगळ्यांना नको असतो आणि तोच इथे पुरेसा आहे: वेळेवर थोडं भारनियमन. पीकला १४० मेगावॉट येणार आहेत. उपकेंद्र १२५ च्या खाली ठेवायचं असेल तर १५ मेगावॉट काढावे लागतील, म्हणजे अकरा टक्के. लोड १३५ वर असतानाही १५ काढले तर बस २७.९ वरून ३२.४ केव्हीवर परत येतो. ज्यांची वीज चालू राहिली त्यांचं व्होल्टेजही सुधारतं. न काढल्यास १४० चे १४० जातात. काढताना मोटरी जास्त असलेले फीडर आधी घ्यावेत, कारण त्यांच्याबरोबर त्यांची रिअ‍ॅक्टिव्ह मागणीही जाते. मासळीचं शीतगृह अर्धा तास बंद राहिलं तर माल नासत नाही, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाने फीडर फिरवत ठेवता येतात. रुग्णालय आणि पाणीपुरवठ्याचे फीडर यादीतून आधीच वगळलेले असावेत, त्या वेळी शोधत बसायला फुरसत नसते.

हे माणसाच्या निर्णयावर सोडायचं की रिलेवर? आमच्या मते दोन्ही लागतात. ऑपरेटरने पावणेसातलाच, टॅप शेवटावर पोचला आणि २२० चा बस १९८ च्या खाली गेला, तेव्हाच भार प्रेषण केंद्राला कळवून पीकसाठी १५ मेगावॉटची फेरी ठरवावी. ते झालं नाही तर अंडरव्होल्टेज लोड शेडिंगचा रिले मागे उभा हवा. ३३ केव्हीवर २९.७ ची सेटिंग, म्हणजे ०.९, या वक्रावर सुमारे १३० मेगावॉटला पडते, टोकाच्या सात मेगावॉट आधी. वेळ पाच सेकंद ठेवावा, म्हणजे लाइनवरच्या बिघाडाने आलेल्या क्षणिक खड्ड्याला रिले फसणार नाही. पण एकटी ३३ केव्हीची सेटिंग उशिरा जागी होते, कारण टॅप शेवटाला पोचेपर्यंत ती बाजू छान दिसते. म्हणून २२० केव्हीच्या बसवर स्वतंत्र अलार्म हवा, आणि टॅप शेवटावर पोचल्याचा संकेतही. हे दोन्ही संकेत बहुतेक उपकेंद्रांत पॅनेलवर असतात, फक्त कंट्रोल रूमच्या मुख्य स्क्रीनवर आणलेले नसतात.

आणखी एक सोपी खूण ग्रिड उपकेंद्रातून मिळते. किनाऱ्याला एक मेगावॉट जास्त द्यायला किती एमव्हीएआर जास्त पाठवावे लागतात ते पाहत राहायचं. आपल्या प्रकरणात १२० ते १२५ च्या दरम्यान ते मेगावॉटला ३ आहेत, १२५ ते १३० मध्ये पावणेचार, १३० ते १३५ मध्ये साडेपाचच्या आसपास, आणि टोकाला ते अनंत होतात. तीनच्या वर गेलं की आता भारनियमन, हा नियम भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे. मात्र तो आकडा प्रत्येक उपकेंद्राचा वेगळा निघतो, दुसऱ्याचा उसना चालत नाही.

उपकेंद्र कोसळलंच तर परत उभं करताना तीच मर्यादा लागू राहते, किंबहुना जास्त कडक. दुसरं सर्किट जोराची सर येऊन इन्सुलेटर धुतले जाईपर्यंत किंवा माणसं पाठवून ते पुसले जाईपर्यंत येणार नाही. तासभर बंद असलेले सगळे कंप्रेसर एकदम सुरू होतात, त्यामुळे बंद पडण्यापूर्वीचा १३५ चा लोड परत आणला तर पहिल्या काही मिनिटांत तो त्याहून बराच जास्त उसळतो, आणि १३७.६ ची मर्यादा आहे तिथेच असते. म्हणून फीडर १५-२० मेगावॉटच्या टप्प्यांनी द्यायचे, प्रत्येक टप्प्यानंतर दहा मिनिटं थांबायचं, आणि कपॅसिटर लोड आल्यावरच लावायचा, नाहीतर रिकाम्या लाइनवर व्होल्टेज मर्यादेच्या वर जातं. टॅप आधी मधल्या पायरीवर आणून ठेवायचा, कारण उणे १५ वर राहिलेला टॅप हलक्या लोडला ३३ केव्हीचे ३८-३९ करून सोडेल. ११० मेगावॉटला पोचल्यावर थांबायचं. उरलेले दोन-तीन फीडर दुसरं सर्किट येईपर्यंत आलटूनपालटून चालवायचे.